मावशीच्या वहीतल्या तीन ओळी

माझी मावशी यावल तालुक्यातल्या एका गावात राहते. घरात पाच माणसं. कांदे, बटाटे, लसूण हंगामात भरून ठेवलेले असतात आणि मेथी-पोकळा शेताच्या बांधावर मिळतो. त्यामुळे आठवडे बाजारातून आणायच्या भाजीसाठी ती बाजाराला १८० रुपये, म्हणजे चार बाजारांचे मिळून महिन्याला ७२० रुपये काढून ठेवते. काय आणलं, किती आणलं, काय भावानं आणलं, हे सगळं ती किराणा दुकानाच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिते. आम्ही त्यालाच वही म्हणतो.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. भाव बदलला की खरेदी किती बदलते, म्हणजे किंमत परिणाम, त्याचे दोन तुकडे कसे करायचे, हा भाग दरवर्षी फळ्यावर ‘अ वस्तू’ आणि ‘ब वस्तू’ घेऊन शिकवायचो. मुलं आकृती पाठ करायची आणि पेपरात तुटक रेषा भलतीकडेच काढायची. मग एका हिवाळ्यात मावशीच्या वहीत मला या तीन ओळी सापडल्या. आकडे मी सोयीसाठी गोल केलेत, मूळ वहीत ३५५ आणि ३६५ असंही आहे.

नोव्हेंबर: भरिताची वांगी ९० रुपये किलो, घेतली ४ किलो, इतर भाजी ३६० रुपयांची.
डिसेंबर: वांगी ४० रुपये किलो, घेतली ९ किलो, इतर भाजी ३६० रुपयांची.
जानेवारी: वांगी ४० रुपये किलो, घेतली ६ किलो, इतर भाजी २४० रुपयांची.

ही वांगी म्हणजे आपली मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती. हंगाम लागायच्या वेळी महाग असतात आणि आवक वाढली की भाव उतरतो, त्यात नवल नाही. मला अडवलं ते तिसऱ्या ओळीनं. भाव डिसेंबरचाच, ४० रुपये. तरी वांगी ९ वरून ६ किलोवर आली. विचारलं तर मावशी म्हणाली, “संक्रांतीचं वाण लुटायचं होतं ना! २४० रुपये तिकडे गेले. भाजीला उरले ४८०.”

पुस्तकात जी रेषा तुटक काढतात, कारण ती प्रत्यक्षात कधीच दिसत नाही, ती मावशीनं जानेवारीत जगून दाखवली होती.

आता आकृती काढू. आडव्या अक्षावर वांगी, किलोमध्ये. उभ्या अक्षावर इतर भाजीवर खर्च झालेले रुपये. इतर भाज्यांचे आपापसातले भाव फारसे हलले नाहीत असं धरलं, तर त्या सगळ्यांची मिळून एक वस्तू मानता येते आणि तिची किंमत १ रुपया. नोव्हेंबरची अंदाजपत्रक रेषा उभ्या अक्षावर ७२० ला आणि आडव्या अक्षावर ८ किलोला टेकते, कारण सगळे पैसे वांग्यात घातले तर ८ किलो येतात. या रेषेचा उतार ९०: एक किलो वांग्यांसाठी ९० रुपयांची इतर भाजी सोडावी लागते. मावशी या रेषेवर ४ किलो आणि ३६० रुपये या बिंदूवर उभी होती. त्याला ‘न’ म्हणू.

डिसेंबरला भाव ४० झाला. उभ्या अक्षावरचं टोक ७२० लाच राहिलं, आडवं टोक ८ वरून १८ किलोवर सरकलं. रेषा वरच्या खिळ्याभोवती फिरून पसरली. मावशी ९ किलो आणि ३६० रुपयांवर गेली, तो बिंदू ‘ड’. न पासून ड पर्यंत ५ किलो वाढ. हा झाला किंमत परिणाम, आणि एरवी वहीत एवढंच दिसतं.

पण या ५ किलोंत दोन गोष्टी मिसळल्यात. वांगी इतर भाज्यांच्या मानानं स्वस्त झाली, म्हणून मावशीनं फुलकोबी, वाटाणा थोडा बाजूला सारून भरीत वाढवलं. आणि दुसरं, तिच्याकडचे ७२० रुपये तेच असले तरी त्यांच्यात दम जास्त आला. नोव्हेंबरचीच पिशवी डिसेंबरच्या भावानं ५२० रुपयांत येते, म्हणजे हातात २०० रुपये सुटतात. कुणी २०० रुपये दिल्यावर माणूस वांगीही थोडी जास्त घेईल आणि बाकीचंही. पहिला पर्यायता परिणाम, दुसरा उत्पन्न परिणाम.

दोन्ही वेगळे करायचे तर भाव नवाच ठेवायचा आणि मावशीची सुस्थिती मात्र जुन्याइतकीच ठेवायची. तिच्याकडून पैसे काढून घ्यायचे, पण किती? ती नोव्हेंबरइतकीच समाधानी राहील इतके. अर्थशास्त्रज्ञ जॉन हिक्सच्या पद्धतीचा गाभा एवढाच आहे. समवृत्ती वक्र, म्हणजे सारखंच समाधान देणाऱ्या सगळ्या पिशव्यांचे बिंदू जोडणारी रेघ, लागतो तो इथे. जुन्या वक्राला, नव्या भावाच्या उताराची रेषा कुठे स्पर्श करते ते शोधायचं.

वक्र कुठून आणायचा? ‘तुझं समाधान किती’ असं मावशीला विचारून काही निष्पन्न होत नाही, ते मी करून पाहिलंय. तिनं उलट मलाच विचारलं, जेवलास का. मग मी दोन पिशव्यांची भाषा वापरली. “मावशी, नोव्हेंबरच्या महिन्याची भाजी आणि जानेवारीच्या महिन्याची भाजी, यातली एक घे म्हटलं तर कोणती घेशील?” तिनं वहीवर बोट फिरवलं. “जानेवारीत भरीत जास्त झालं, पण वाटाणा-फुलकोबी मनासारखी आली नाही. नोव्हेंबरात उलटं. कोणतीही दे, सारखंच.”

‘सारखंच’ या एका शब्दानं काम झालं. म्हणजे जानेवारीचा बिंदू, ६ किलो आणि २४० रुपये, नोव्हेंबरच्याच समवृत्ती वक्रावर आहे. त्याला ‘ज’ म्हणू. शिवाय ज हा ४० च्या उताराच्या रेषेवर तिनं स्वतः निवडलेला बिंदू आहे, तेव्हा तिथे रेषा वक्राला स्पर्श करते हे वेगळं सिद्ध करायला नको. २४० रुपये वाणात गेले, ते नेमके हिक्सनं काढून घ्यायला सांगितलेले २४० रुपये निघाले. असा योग रोज येत नाही.

तिच्या शब्दावरच का विसंबायचं, असा प्रश्न वर्गात आला आणि तो रास्त होता. वहीतूनच एक पडताळणी होते. जानेवारीची पिशवी नोव्हेंबरच्या भावानं घ्यायची तर ६ गुणिले ९० अधिक २४०, म्हणजे ७८० रुपये लागले असते. तिच्याकडे ७२० होते. नोव्हेंबरची पिशवी जानेवारीच्या भावानं ५२० ला येते. तिच्याकडे ४८० होते. म्हणजे दोन्ही वेळा दुसरी पिशवी तिच्या आवाक्याबाहेर होती. समजा जानेवारीत तिला नोव्हेंबरची पिशवी परवडत असती आणि तरी तिनं ज निवडला असता, तर ‘सारखंच’ या शब्दावर शंका घ्यावी लागली असती. तसं झालेलं नाही. यावरून ती खरं बोलते हे सिद्ध होत नाही, फक्त वही तिला खोटं पाडत नाही.

तर फोड अशी. न पासून ज: ४ वरून ६ किलो, पर्यायता परिणाम २ किलो. ज पासून ड: ६ वरून ९ किलो, उत्पन्न परिणाम ३ किलो. बेरीज ५.

आता उभ्या अक्षाकडे बघा, कारण मला सगळ्यात जास्त आवडतं ते तिथे आहे. नोव्हेंबर आणि डिसेंबर दोन्ही महिन्यांत इतर भाजी ३६० रुपयांची. वरवर बघणारा म्हणेल, वांग्याच्या भावाचा इतर भाजीवर काहीच परिणाम झाला नाही. पण जानेवारीची ओळ मध्ये ठेवली की दिसतं: आधी ३६० वरून २४० झाले, १२० रुपयांची भाजी वांग्यानं हटवली; मग सुटलेल्या पैशानं २४० वरून परत ३६० केले. दोन धक्के, उलट्या दिशेचे, नेमके सारखे. बदल शून्य दिसला म्हणजे काही घडलं नाही असं नव्हे.

हिक्सची फोड ही एकच फोड नाही. यूजेन स्लुट्स्कीनं १९१५ साली एका इटालियन नियतकालिकात दुसरी रीत मांडली होती, तिच्याकडे बरीच वर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यात समाधानाचा प्रश्नच येत नाही. जुनी पिशवी नव्या भावानं जेमतेम परवडेल इतके पैसे ठेवायचे, बाकी काढून घ्यायचे. ४ किलोवर किलोमागे ५० रुपये वाचले, ते २०० काढून घ्या, हातात ५२० ठेवा. याला वक्र लागत नाही, मावशीला विचारावं लागत नाही, वही पुरते. म्हणून आकडेवारीवर काम करणाऱ्यांना ही रीत सोयीची पडते.

पण ५२० रुपये असते तर मावशीनं किती वांगी घेतली असती, याची ओळ वहीत नाही. इथे मला वक्राचा आकार गृहीत धरावा लागला. न वर ४ गुणिले ३६० म्हणजे १४४०, ज वर ६ गुणिले २४० म्हणजेही १४४०. एका वक्रावर किलो आणि रुपयांचा गुणाकार कायम राहतो असं मानलं, तर माणूस नेहमी निम्मे पैसे वांग्यात आणि निम्मे इतर भाजीत घालतो. वहीतल्या तिन्ही ओळी तशाच आहेत. मग ५२० चे निम्मे २६० रुपये, ४० रुपये भावानं साडेसहा किलो. स्लुट्स्कीच्या हिशेबानं पर्यायता परिणाम अडीच किलो आणि उत्पन्न परिणामही अडीच.

हिक्स २ आणि ३ म्हणतो, स्लुट्स्की अडीच-अडीच. खरं कोणतं? दोन्ही, कारण दोघांनी ‘जुन्याइतकी सुस्थिती’ याचा अर्थ वेगळा घेतलाय. ५२० रुपयांत मावशी जुनी पिशवी घेऊ शकते, पण ती घेणार नाही. वांगी स्वस्त असताना ती साडेसहा किलो आणि २६० रुपये निवडेल आणि नोव्हेंबरपेक्षा थोडी वरच्या वक्रावर जाईल. स्लुट्स्कीनं तिच्याकडे ४० रुपये जास्त ठेवले, त्यातले निम्मे वांग्यात गेले, तो हा अर्धा किलो. भाव ९० वरून ४० इतका पडला म्हणून फरक डोळ्यांत भरतो. ९० वरून ८८ झाला असता तर दोन्ही उत्तरं जवळपास एक झाली असती.

तुटक रेषा पेपरात कुठे चुकते, तेही सांगतो, कारण वर्षानुवर्षं तीच चूक. मुलं ती जुन्या रेषेला समांतर काढतात, म्हणजे ९० च्या उतारानं, आणि नव्या वक्राला टेकवतात. मागच्या वर्षी एका मुलीनं तसंच काढलं आणि मावशीच्या आकड्यांवर हिशेबही करून दाखवला. नव्या वक्रावर गुणाकार ९ गुणिले ३६०, म्हणजे ३२४०. ९० च्या उताराची रेषा त्याला ६ किलो आणि ५४० रुपयांवर स्पर्श करते. तिचं उत्तर: उत्पन्न परिणाम २ किलो, पर्यायता परिणाम ३ किलो. माझ्या उत्तराच्या नेमकं उलट, आणि मधला बिंदूही ६ किलोचाच! वर्ग गोंधळला, खरं सांगायचं तर क्षणभर मीही.

तिचं गणित चुकलं नव्हतं, प्रश्न बदलला होता. तिच्या आकृतीत भाव पडतच नाही, त्याऐवजी मावशीला पैसे मिळतात: भाव ९० च ठेवून डिसेंबरइतकं समाधान द्यायचं तर तिला १०८० रुपये हवेत, म्हणजे ३६० जास्त. माझ्या आकृतीत भाव पडला आहे आणि त्या बदल्यात मावशीनं जास्तीत जास्त किती द्यावेत हे विचारलंय, ते २४० निघाले. पेपरात ‘भाव घटल्यानंतर’ असं विचारलं असेल आणि पहिला तुकडा पर्यायता परिणाम हवा असेल, तर तुटक रेषा नव्या रेषेला समांतर आणि जुन्या वक्राला स्पर्श करणारी. हे एक वाक्य लक्षात राहिलं की आकृती चुकत नाही.

या प्रकरणाला जिथे तडा जाऊ शकतो त्या जागा दोन. सगळ्या आकृतीचा पाया हा, की तीन महिन्यांत मावशीची आवड बदलली नाही, वक्र जागेवर राहिले. आपल्याकडे बऱ्याच घरांत चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच ते खायला सुरुवात होते. अशा घराची वही घेतली असती तर डिसेंबरची वाढ भावानं झाली की चंपाषष्ठीनं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. मावशीच्या घरी ते पाळत नाहीत, म्हणून वही वापरता आली. जानेवारीत भोगीच्या मिसळ भाजीचा घोळ आहेच, पण त्यात वांगी पाव-अर्धा किलो जातात आणि ती बहुधा छोटी काटेरी. ती मी हिशेबात धरली नाहीत.

दुसरी जागा उत्पन्न परिणामाच्या दिशेची. मावशीकडे पैसे सुटले की भरीत वाढतं, म्हणजे वांगं तिच्यासाठी सामान्य वस्तू. तिच्या शेजारच्या घरात हात मोकळा झाला की वांग्याऐवजी पनीर येतं, असं मावशीच सांगते, थोडं नाक मुरडून. त्या घरात ज पासून ड पर्यंत जाताना बिंदू डावीकडे सरकेल, उत्पन्न परिणाम उणे. तरीही भाव पडल्यावर त्यांची वांगी एकूण वाढतील, जोवर पर्यायता परिणाम त्याहून मोठा आहे. उणे उत्पन्न परिणाम पर्यायतेला पुरून उरला तरच भाव पडल्यावर खरेदी घटते, आणि तशी गिफेन वस्तू व्हायला त्या वस्तूनं गरीब घराच्या खर्चाचा मोठा वाटा खाल्लेला असावा लागतो. वांग्याकडून ती अपेक्षा नको.

वर्ग संपता संपता बामणोदकडचा एक मुलगा उठला. त्याच्या घरी भरिताची वांगी पिकतात. म्हणाला, “सर, आमच्याकडे भाव पडला तरी वांगी तेवढीच शिजतात. मग आमच्यावर परिणाम शून्य का?”

मी त्याच्याच घराचे आकडे मागितले, सोयीसाठी गोल केले. समजा एका पट्ट्यातून महिन्याला २० किलो निघतात आणि घरच्या भाजीचा खर्च त्यांच्याच विक्रीतून. आवड मावशीसारखीच धरू. भाव ९० असताना मालाची किंमत १८०० रुपये. निम्मी, म्हणजे १० किलो, घरात आणि शेतातल्या माणसांच्या जेवणात जातात, उरलेली १० विकून ९०० रुपयांची इतर भाजी येते. भाव ४० झाला की मालाची किंमत ८००. वांगी पुन्हा १० किलो, इतर भाजी फक्त ४०० रुपयांची. त्यांची अंदाजपत्रक रेषा मावशीसारखी वरच्या टोकाभोवती फिरत नाही. ती २० किलोच्या टोकाभोवती, आडव्या अक्षावर, आतल्या बाजूला पडते.

आता जुना वक्र, गुणाकार ९०००. त्याला ४० च्या उताराची रेषा १५ किलो आणि ६०० रुपयांवर स्पर्श करते. त्या बिंदूला १२०० रुपये लागतात, घरात आहेत ८००. यावेळी पैसे काढून घ्यायचे नाहीत, ४०० घालायचेत. पर्यायता परिणाम अधिक ५ किलो, उत्पन्न परिणाम उणे ५ किलो.

मुलगा फळ्याकडे बघत राहिला. मग वहीत १० आणि १० च्या मध्ये १५ लिहून त्यानं त्याभोवती गोल केला.